उचलपूल वर जातो, पोर्टकलिस खाली येते: किल्ल्याच्या दारातील दोन अडथळे

मध्ययुगीन युरोपातील किल्ल्याचे चित्र पाहताना दारातील दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. खंदकावरचा उचलता येणारा लाकडी पूल, म्हणजे ड्रॉब्रिज किंवा उचलपूल, ही एक. आणि कमानीत वरून खाली सरकणारी लोखंडी टोकांची जाळी, म्हणजे पोर्टकलिस, ही दुसरी. दोन्ही वरखाली होतात, दोन्हींना दोर किंवा साखळदंड लागतात आणि दोन्हींची यंत्रणा दाराच्या आसपासच असते, त्यामुळे 'किल्ल्याचे वरखाली होणारे दार' अशा एकाच नावाखाली त्यांची बोळवण केली जाते. प्रत्यक्षात त्यांची चाल परस्परविरुद्ध आहे. पूल वर गेला म्हणजे वाट बंद होते. जाळी वर गेली म्हणजे वाट उघडते. शत्रू अचानक चालून आला तर एक गोष्ट वजनाविरुद्ध उचलावी लागते, तर दुसरी नुसती सोडून द्यावी लागते. दोघींच्या रचनेतील जवळजवळ प्रत्येक फरक या एका गोष्टीतून निघतो.

उचलपुलाला खंदकावाचून अर्थ नाही. खंदकाचे काम केवळ माणसांना पोहायला लावण्याचे नव्हते. दार फोडण्याचा ओंडका, चाकांवरचे लाकडी मनोरे आणि भिंतीखाली सुरुंग खणणारे मजूर यांना भिंतीपर्यंत पोहोचूच न देणे, हे त्याचे खरे काम होते. पाण्याने भरलेल्या खंदकाखालून भुयार खणणे तर फारच अवघड असे. मात्र खंदक किल्ल्यातील लोकांनाही अडवतो, म्हणून दारापुढे पूल हवा, आणि तो हवा तेव्हा नाहीसा करता यायला हवा.

साधा उचलपूल आतल्या कडेला बिजागरीवर बसवलेला असे आणि बाहेरच्या टोकाला बांधलेल्या साखळ्या रहाटावर गुंडाळून तो उचलला जाई. हे काम मंद आणि कष्टाचे होते, आणि पुलावर शत्रूची माणसे चढली की त्यांचे वजनही उचलावे लागे. त्यावरचा उपाय म्हणजे तराजूसारखा झुलणारा पूल. यात आस मधोमध, दाराच्या उंबऱ्याजवळ असे. पुलाचा एक भाग खंदकावर पुढे आलेला आणि दुसरा भाग आत, एका खोल खड्ड्यावर. उदाहरणादाखल समजा, बाहेरच्या भागाचे वजन 1 टन आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आसापासून 2 मीटरवर आहे. आतल्या भागाचा गुरुत्वमध्य आसापासून 1 मीटरवर असेल, तर तोल साधायला तिथे 2 टन वजन हवे. त्याहून थोडे अधिक वजन ठेवून पूल अडसराने आडवा धरून ठेवला, तर अडसर काढताच आतली बाजू स्वतःहून खड्ड्यात कोसळते आणि बाहेरची बाजू उभी राहून दारावर ढालीसारखी बसते. शिवाय आत आता उघडा खड्डा तयार झालेला असतो, म्हणजे एका हालचालीत बाहेर पाणी आणि आत खड्डा असे दोन अडथळे उभे राहतात. माझ्या मते मध्ययुगीन दारांमधील ही सर्वांत हुशार कल्पना आहे, कारण जे काम वजनामुळे अवघड होते तेच इथे वजनाकडून करून घेतले आहे.

पोर्टकलिसला ही युक्ती लागतच नाही. ती मुळात पडण्यासाठीच टांगलेली असते. जाड ओकच्या पट्ट्यांची आडवीउभी जाळी, तिच्यावर लोखंडी पत्रे आणि खालच्या टोकांना लोखंडी अणी, अशी तिची बांधणी असे. ती भिंतीतील दोन उभ्या खोबण्यांतून सरके आणि वर चढवलेली असताना दारावरच्या खोलीत उभी असे. तिचा रहाटही त्याच खोलीत असे. दोर सोडला की ती क्षणात खाली येई, मात्र पुन्हा चढवायला वेळ आणि माणसे लागत. ती सलग फळीची न करता जाळीची करण्यामागे कारण होते: पलीकडचा शत्रू दिसतो, त्याच्यावर बाण मारता येतात आणि भाला खुपसता येतो. लोखंड मढवलेल्या जाळीला आग लावणेही साध्या लाकडी दाराला लावण्याइतके सोपे नसे.

या सगळ्यांची सांगड पाहायची तर इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील बोडियम किल्ल्याकडे पाहावे. 1385 मध्ये राजा दुसरा रिचर्ड याने सर एडवर्ड डॅलिंग्रिज यांना हा किल्ला बांधण्याची परवानगी दिली. किल्ला रुंद, पाण्याने भरलेल्या खंदकात उभा आहे. आज उत्तरेच्या दाराकडे पूल सरळ जातो, पण मूळ वाट तशी नव्हती. ती पश्चिम काठावरून पाण्यातील अष्टकोनी बेटावर येई, तिथे उजवीकडे काटकोनात वळे आणि मग बाहेरच्या छोट्या दारातून मुख्य दाराकडे जाई. वाटेत उचलपूल होते. पहिल्या टप्प्यात चालणाऱ्याची उजवी बाजू किल्ल्याकडे असे, आणि ढाल सहसा डाव्या हातात धरली जात असल्याने ती बाजू उघडी पडे. पूल उचलले की अष्टकोनी बेटावर अडकलेल्या लोकांना ना पुढे जाता येई ना आडोसा मिळे. त्यातूनही कोणी मुख्य दारापर्यंत पोहोचलाच, तर दारात एकामागोमाग तीन पोर्टकलिसांची व्यवस्था होती आणि वरच्या घुमटाकार छतात खाली मारा करण्यासाठी भोके ठेवलेली होती. बाहेरची लाकडी पोर्टकलिस अजूनही दारात टांगलेली दिसते, आणि मध्ययुगातील इतकी जुनी जाळी जागेवर टिकून राहणे फार दुर्मीळ आहे. बोडियमच्या खंदकाची एक उणीवही सांगायला हवी: त्याचे पाणी काही बाजूंनी मातीच्या बांधाने अडवलेले आहे, त्यामुळे बांध फोडायला सवड मिळालेल्या सैन्याला ते वाहून घालवता आले असते.

पोर्टकलिसची उणीव स्कॉटलंडमधील लिन्लिथगोच्या कथेत दिसते. तिथल्या इंग्रजांच्या ठाण्यात गवत पुरवणाऱ्या विल्यम बनॉक नावाच्या शेतकऱ्याने 1313 च्या सुमारास गवताच्या गाडीत माणसे लपवली आणि गाडी बरोबर दाराच्या मधोमध आणून थांबवली, असे सांगितले जाते. गाडी खाली अडकलेली असल्याने दार बंद करता येईना आणि बाहेर दबा धरून बसलेले लोक आत शिरले. पडणाऱ्या जाळीला खाली रिकामी जागा लागते. ती कोणी व्यापली की तिचा सारा वेग व्यर्थ जातो. गाडी बाहेरच्या उचलपुलावरच तपासायला थांबवणे आणि आत एकाहून अधिक जाळ्या ठेवणे, यामागे हीच भीती होती.

पडझड झालेल्या दारात लाकूड उरत नाही, तरी दोन्ही अडथळे दगडावरून ओळखता येतात. कमानीच्या आत, दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर उभ्या खोबण्या असतील, तर तिथे पोर्टकलिस होती. उंबऱ्यापुढे किंवा उंबऱ्यामागे खड्डा, त्याच्या बाजूंना आसासाठीची भोके आणि कमानीभोवती पूल उभा बसेल एवढी उथळ चौकोनी चौकट दिसली, तर तिथे उचलपूल होता. कमानीच्या वर भिंतीत दोन उभ्या फटी दिसल्या, तर पूल वरच्या तुळयांनी उचलला जाई आणि बंद झाल्यावर त्या तुळया त्याच फटींत बसत.