स्लीव्हने जोड पक्का होतो का?

“पिळलेल्या वायरवर टेपऐवजी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली की जोड कायमचा पक्का.”

तसं होत नाही. स्लीव्हचं काम टेपसारखंच, म्हणजे आवरणाचं. उष्णतेने आवळली तरी तांब्याच्या तारा घट्ट दाबून धरण्याची ताकद तिच्यात नसते. पीळ सैल असला की तिथे रोध वाढतो, जोड तापतो आणि स्लीव्हखाली ते दिसतही नाही.

म्हणून मेन स्विच बंद करून आधी स्लीव्ह वायरीत ओवून ठेवा (हे हमखास विसरतं), मग योग्य मापाचा क्रिंप कनेक्टर दाबा आणि दोन्ही वायरी ओढून पाहा. वायर जराही सरकली तर नव्याने करा.

2:1 स्लीव्ह निम्म्यापर्यंतच आवळते. वायर 3 मिमी, कनेक्टर 4 मिमी असेल तर 5 मिमीची स्लीव्ह बसते. 8 मिमीची वायरवर सैलच राहते.