योजना-माहितीचं शीर्षक : पात्रता आणि कागदपत्रं

सरकारी योजनेची माहिती सोप्या भाषेत सांगणाऱ्या लेखाच्या किंवा पत्रकाच्या वर जी ओळ असते, जी वाचून माणूस ठरवतो की हे आपल्यासाठी आहे का नाही, ते योजना-माहितीचं शीर्षक. कोकणात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात ही ओळ बहुतेकदा मोबाईलवरच वाचली जाते, गावच्या ग्रुपवर फॉरवर्ड होते, आणि कित्येकदा आतलं काही न वाचता माणूस तेवढ्यावरच सेतू केंद्र गाठतो. म्हणून ओळ चुकली की एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात.

सध्याचं जे ठरलेलं वळण आहे, म्हणजे 'अमुक योजना : पात्रता, कागदपत्रे, अर्ज प्रक्रिया', ते कुठून आलं याबद्दल दोन मतं संभवतात. एक मत असं की हे शासन निर्णयाच्या विषय-ओळीवरून आलं. ती ओळ बहुतेकदा '...बाबत' वर संपते, म्हणजे विषय सांगते पण निर्णय काय झाला ते सांगत नाही, आणि माहिती लिहिणाऱ्यांनी तीच सवय उचलली. दुसरं मत, शोधयंत्रात लोक जे शब्द टाकतात तेच एकापुढे एक लावून हे वळण तयार झालं. या दुसऱ्या मताकडे कल जास्त जातो, कारण शासन निर्णयात 'पात्रता' आणि 'कागदपत्रे' असे मथळे आत असतात, विषय-ओळीत सहसा नसतात. तरी '...बाबत' ची सावली पुसलेली नाही, आजही बरीच शीर्षकं विषय सांगतात आणि उत्तर द्यायचं टाळतात.

पात्रता आणि कागदपत्रं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच ओळीत कोंबले की दोन्ही बिघडतात. पात्रता म्हणजे नियम, कागदपत्रं म्हणजे त्या नियमाचा पुरावा, आणि पुराव्याला बहुतेक वेळा 'किंवा' असतं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखाची, ही पात्रता. पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असं जाहीर झालं. आता 'उत्पन्नाचा दाखला आवश्यक' असं शीर्षक दिलं तर ज्या बाईकडे केशरी कार्ड आहे ती उगाच तहसीलच्या रांगेत उभी राहते. याच योजनेचा मूळ निर्णय २८ जून २०२४ चा, त्यात वयाची वरची मर्यादा ६० होती आणि जुलैच्या सुरुवातीलाच ती ६५ झाली, म्हणजे '२१ ते ६०' असं लिहिलेलं शीर्षक काही दिवसांतच चुकीचं ठरलं. अशा बदलत्या अटीचा आकडा शीर्षकात घ्यायचाच असेल तर तो कोणत्या तारखेच्या निर्णयाप्रमाणे आहे ते सोबत हवं. नुसतं '२०२५' किंवा 'नवीन अपडेट' चिकटवून भागत नाही, कारण वर्ष बदललं म्हणून आतला मजकूर तपासलेला असतोच असं नाही.

कोकणात सगळ्यात जास्त घोळ पीएम किसानच्या शीर्षकात होतो आणि त्याला कारण इथला सातबारा. एकेका सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, मुंबईला गेलेले चुलते अशी नावांची रांग असते, त्यातले कित्येक वारलेले, आणि शेत प्रत्यक्षात गावात राहिलेला एकच जण करत असतो. योजना सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, मग जून २०१९ पासून क्षेत्राची अट काढली, आणि तिथून 'सर्व शेतकऱ्यांना ६००० रुपये' ही ओळ सगळीकडे पसरली. पण क्षेत्राची अट गेली, मालकीची नाही गेली. जमीन स्वतःच्या नावावर हवी, नुसती कसत असून चालत नाही. त्यामुळे अर्धेलीने भात लावणारा किंवा दुसऱ्याची हापूसची बाग कराराने घेणारा या योजनेत बसत नाही, आणि 'सर्व' या एका शब्दाने नेमकी ह्याच माणसाची फसगत होते.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा येतो, 'सातबारा आजोबांच्या नावावर आहे पीएम किसान मिळेल का'. पहिलं शीर्षक सुचतं : 'पीएम किसान पात्रता व कागदपत्रे संपूर्ण माहिती'. यात चूक नाही पण विचारणाऱ्याचं उत्तरही नाही. दुसरं : 'सातबारा आजोबांच्या नावावर असला तरी मिळणार ६०००'. हे सरळ खोटं, कारण आजोबा हयात असतील तर खातेदार तेच आणि अर्जही त्यांचाच, नातवाचा नाही. म्हणजे प्रश्नातच दोन प्रश्न आहेत, आजोबा हयात की मयत, आणि शीर्षकाने आधी तेच फोडायला हवं. तिसरं : 'सातबारा मयत आजोबांच्या नावावर आहे? पीएम किसानसाठी आधी वारस नोंद, मग अर्ज'. हे टिकतं. जमिनीच्या मालकीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली असली तरी खातेदार वारल्यामुळे वारसाकडे आलेल्या जमिनीला त्यात सूट दिलेली आहे, म्हणून 'मग अर्ज' हे म्हणता येतं. विकत घेतलेल्या जमिनीला ही सूट नाही, तेव्हा तेच शीर्षक खरेदीखतवाल्याला लावायचं नाही.

ह्याच शीर्षकाच्या पुढे कागदपत्रं जोडायची तर ती वारस नोंदीची आहेत की योजनेची ते सांगावं लागतं. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज जातो, मुंबईवाल्या चुलत्याचं नावही त्यात यायलाच हवं. फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कुणी हरकत घेतली की प्रकरण तक्रारीत जातं आणि ते कधी सुटेल हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून 'पंधरा दिवसांत नाव चढवा' असं शीर्षक कधीच देऊ नये, ते पंधरा दिवस हरकतीचे आहेत, काम पूर्ण व्हायचे नाहीत. योजनेची कागदपत्रं त्यानंतरची : आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, स्वतःचं नाव चढलेला सातबारा, ई-केवायसी.

सामाईक खात्याबद्दल आणखी एक ओळ नेहमी चुकते, 'एका सातबाऱ्यावर एकालाच लाभ'. योजनेतलं एकक सातबारा नाही, कुटुंब आहे, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं. दोन भावांची नावं एकाच सातबाऱ्यावर असतील तर दोन कुटुंबं वेगळी धरली जातात. मुंबईतला भाऊ आयकर भरत असेल तर तो बाहेर, गावातला भाऊ त्याच्यामुळे बाहेर होत नाही. उलट नवरा-बायको दोघांचीही नावं असली तरी लाभ एकच. बरोबर शीर्षक : 'सामाईक सातबारा : प्रत्येक खातेदार कुटुंबाला वेगळा अर्ज, नवरा-बायकोत एकच'.

रचनेबद्दल थोडं. मोबाईलवर शोधाच्या यादीत लांब ओळ शेवटी तुटते, म्हणून अट आधी आणि योजनेचं पूर्ण सरकारी नाव नंतर. 'मयत आजोबा', 'सामाईक सातबारा', 'कराराची बाग' हे शब्द पुढे असले की माणूस स्वतःला ओळखतो. गूगल कधी कधी दिलेलं शीर्षक बाजूला ठेवून पानावरचा मोठा मथळा दाखवतं, तेव्हा दोन्हीकडे अट सारखीच लिहिलेली असावी, नाहीतर वर 'मयत' आणि आत नुसतं 'आजोबा' असं होतं. शीर्षक तपासायची साधी रीत अशी की त्यातला दावा आतल्या पहिल्या परिच्छेदात 'हो', 'नाही' किंवा 'या अटीवर' अशा शब्दांत सापडला पाहिजे, सापडला नाही तर शीर्षक बदलावं. मच्छीमारांच्या योजनांच्या शीर्षकांत खलाशी आणि नौकामालक हा फरक असाच सुटतो, कारण नौकेची कागदपत्रं मालकाकडे असतात, खलाशाकडे नाहीत.