चार डिटेक्टर, दोन हो, दोन नाही: फोटो पाठवायच्या आधी हे वाचून घ्या

फोटो खरा की एआयने बनवलेला हे आम्ही तपासून देतो. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मेसेजचा मजकूर साधारण असा असतो: फोटो चार एआय डिटेक्टर वेबसाइटवर टाकून बघितला, दोघांनी एआय सांगितलं, दोघांनी खरा सांगितला, आता तुम्ही तुमचं मत द्या म्हणजे तीन-दोन होईल. सोबत चार टक्केवाऱ्यांचे स्क्रीनशॉट. मूळ फोटो मात्र नसतोच, किंवा तोही स्क्रीनशॉटच. मग तो मागण्यात दिवस जातो आणि उशीर का म्हणून फोन येतो, म्हणून हे एकदा लिहून ठेवतोय.

पहिलं म्हणजे ही मतमोजणी नाही. बरेच डिटेक्टर त्याच त्या सार्वजनिक फोटोसंचांवर शिकवलेले असतात, त्यामुळे एकाच मास्तरांकडे शिकलेल्या पोरांसारखे ते चुकतातही एकाच ठिकाणी. तिघांनी एकच उत्तर दिलं म्हणजे तीन पुरावे मिळाले असं होत नाही, कधीकधी तो एकच पुरावा तीनदा मोजलेला असतो. आणि ९६ टक्के म्हणजे फोटो एआयचा असण्याची शक्यता ९६ टक्के, असंही नाही. तो त्या मॉडेलचा स्कोअर आहे, एकाचा ९६ आणि दुसऱ्याचा ७ यांची सरासरी काढून साधारण ५१ आला तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही, तरी लोक काढतात.

खरा वेळ खाणारा प्रकार म्हणजे स्क्रीनशॉट. चॅटमधून साधा पाठवलेला फोटो लहान होतो, पुन्हा कॉम्प्रेस होतो, त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे कुठल्या फोनने, कधी काढला वगैरे फाइलमधली नोंद, उडते. मग त्याचा स्क्रीनशॉट काढला की तुमच्या स्क्रीनच्या मापात पिक्सेल नव्याने बसतात, वर तुम्ही कडा कापता. डिटेक्टर जे शोधतो ते डोळ्याला न दिसणारे बारीक ठसे असतात, ते ह्या प्रवासात एकतर पुसले जातात नाहीतर नवेच तयार होतात. भर म्हणून काही डिटेक्टर शिकवताना खरे फोटो जेपीईजी आणि बनवलेली चित्रं पीएनजी अशी दिली गेली होती, त्यामुळे ते थोडंफार फाइलचा प्रकारच ओळखायला शिकले. बऱ्याच फोनचा स्क्रीनशॉट पीएनजी असतो. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

नुकतंच झालेलं एक काम सांगतो. ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका ग्राहकाला खरेदीदाराने फोटो पाठवला, काचेचा टेबल लॅम्प, शेडला मोठा तडा, पैसे परत द्या. आमच्या ग्राहकाने चॅटमधून स्क्रीनशॉट काढला, तडा नीट दिसावा म्हणून जवळून कापला आणि चार डिटेक्टरना दिला. उत्तरं आली ९६, ८८, ७ आणि ११.

आम्ही फोटोकडे वळायच्या आधी डिटेक्टर तपासले. ग्राहकाला सांगितलं, तुमच्याकडचा तसाच लॅम्प स्वतःच्या फोनने काढा, त्याच चॅटमधून दुसऱ्या फोनवर पाठवा, तिथे स्क्रीनशॉट काढा, तेवढाच कापा. म्हणजे शंभर टक्के खरा फोटो, पण प्रवास तोच. तो चौघांना दिला तर पहिल्याने ह्या खऱ्या फोटोलाही ९३ दिले! म्हणजे त्याचे आधीचे ९६ बाद, तो ह्या वाटेने आलेल्या कुठल्याही फोटोला एआयच म्हणणार. मग उलटं केलं, एक लॅम्पचं चित्र मुद्दाम एआयकडून बनवून घेतलं आणि तेही त्याच वाटेने नेलं. तिसऱ्या-चौथ्याने त्याला ९ आणि १० दिले, म्हणजे खरा. तर त्यांचं "खरा" पण बाद. दोन्ही चाचण्यांत दुसरा तेवढा नीट वागला, खऱ्याला १४ आणि बनावटाला ८५. चार मतांपैकी ऐकण्यासारखं एकच उरलं, आणि तेही फक्त पुढे बघायला लावण्याइतकं, कारण एकेका फोटोवर कुणाची पात्रता ठरत नाही.

मग मूळ फाइल मागवली, चॅटमध्ये फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून. ती आली, पूर्ण मापाची, एक्झिफमध्ये फोनचं मॉडेल वगैरे सगळं होतं. (एक्झिफ आहे म्हणून फोटो खरा असं धरू नका, एडिट करून सेव्ह केल्यावरही ती माहिती तशीच राहू शकते.) आता दुसऱ्या डिटेक्टरने अख्ख्या फोटोला दिले २१. आधी ८८ आणि आता २१, मग खोटं कधी बोलला? कधीच नाही. आधी त्याला फक्त तडा दाखवला होता, आता भिंत, टेबल, वायर सगळं दाखवलं. म्हणून फोटोचे चौकोन पाडून एकेक वेगळा दिला. भिंत, टेबल, लॅम्पचा दांडा सगळे २० च्या खाली, आणि तडा असलेले दोन चौकोन ९० च्या आसपास. खऱ्या फुटलेल्या काचेचे आमच्याकडचे फोटो त्याच पद्धतीने दिले, कारण काचेच्या चकाकीने डिटेक्टर फसत असेल तर आधी ते कळायला हवं, पण ते सगळे खालीच राहिले.

म्हणजे वाद दिसत होता तसा नव्हताच. "हे अख्खं चित्र एआयने बनवलंय का" आणि "ह्या चित्रात कुठे एआयने काही भरलंय का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक वेबसाइट पहिल्याचंच उत्तर देतात. खऱ्या फोटोत छोटा भाग बदलला की त्या निवांतपणे "खरा" म्हणतात. उलटही होतं, काही एडिटिंग टूल छोटा भाग बदलताना अख्खा फोटो मॉडेलमधून काढतात, मग न बदललेल्या भागावरही ठसे येतात. फोनमधल्या एआय शार्पनिंगने किंवा नको ती वस्तू पुसण्याच्या सोयीनेही एखाद्या भागाचा स्कोअर वर जाऊ शकतो आणि त्यात फसवायचा हेतू असेलच असं नाही.

म्हणून रिपोर्टात आम्ही "फोटो खोटा आहे" असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: फोटो मुळात कॅमेऱ्याचा दिसतो, तड्याचा भाग बाकी फोटोशी जुळत नाही, फक्त ह्या फोटोवर पैसे परत करू नयेत, लॅम्प फिरवून काढलेला छोटा व्हिडिओ मागावा. ग्राहक जरा नाराज झाला, त्याला हो की नाही हवं होतं. पण उद्या समोरच्याने प्रश्न विचारला तर ह्यातलं प्रत्येक वाक्य टिकतं, "चारपैकी दोन वेबसाइट म्हणाल्या" हे टिकत नाही. कधी कधी आमचा निष्कर्ष "ह्या फाइलवरून सांगता येत नाही" एवढाच असतो आणि त्याचीही फी आम्ही घेतो, कारण चाचण्या तेवढ्याच कराव्या लागतात.

एक सोपी गोष्ट घरीच बघता येते, ती म्हणजे फाइलमध्ये सी-टू-पी-ए माहिती, म्हणजे चित्र कशाने बनवलं किंवा बदललं याची फाइलला जोडलेली नोंद, किंवा गुगलच्या सिंथआयडीसारखा डोळ्याला न दिसणारा वॉटरमार्क आहे का. सापडला तर भक्कम धागा, पण नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही, सी-टू-पी-ए माहिती तर नुसत्या स्क्रीनशॉटनेही जाते.

तर आम्हाला पाठवताना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती मिळत नसेल तर फोटो कुठून कुठे फिरला ते लिहा म्हणजे आम्ही त्याच वाटेने चाचणीचे फोटो नेऊ शकतो. शक्य असेल तर त्याच वस्तूचे तुम्ही स्वतः काढलेले दोन-चार फोटोही जोडा. डिटेक्टरचे स्क्रीनशॉट पाठवलेत तरी चालतील, फक्त कुठल्या फाइलवर चालवलेत तेवढं सांगा, आणि फोटो कापू नका, कापायचं काम आमच्याकडे राहू द्या.