मध्य की कड? कमोडभोवतीची जागा मोजताना होणारा घोळ

बाथरूमचा नकाशा घेऊन कोणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘कमोडच्या बाजूला पंधरा इंच सोडलेत, समोर एकवीस. बरोबर ना?’ मी विचारतो, पंधरा कुठून मोजलेत? मग शांतता. किंवा त्याहून वाईट उत्तर येतं, ‘कमोडपासून.’

भांड्याचं माप तुम्हाला माहीत आहे असं धरतो. सीट साधारण ३६-३७ सेंमी रुंद, टाकीसकट लांबी ७० सेंमीच्या आसपास. कॅटलॉगात ते दिलेलंच असतं, त्यात कोणी चुकत नाही. चुकतं ते भांड्याचं माप आणि त्याच्याभोवती सोडायची जागा यांची सरमिसळ केल्यावर, कारण ही जागा दोन दिशांना दोन वेगळ्या ठिकाणांपासून मोजतात.

आयआरसी या अमेरिकी निवासी बांधकाम संहितेतली किमान मापं घेऊ. कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा कपाटापर्यंत ३८ सेंमी, म्हणजे पंधरा इंच. शेजारी दुसरं भांडं असेल तर मध्यापासून मध्यापर्यंत ७६ सेंमी. समोर मात्र भांड्याच्या पुढच्या ओठापासून भिंत, दार किंवा दुसऱ्या भांड्यापर्यंत ५३ सेंमी मोकळे. थोडक्यात, बाजूला मध्यापासून आणि समोर कडेपासून.

हा फरक कोणाच्या लहरीने आलेला नाही. बसलेल्या माणसाचे खांदे आणि कोपरं सीटपेक्षा रुंद असतात. बाजूची जागा लागते ती शरीराला, भांड्याला नाही, आणि शरीर मध्यावर बसतं. म्हणून सीट ३४ सेंमीची आणलीत तरी भिंत एक सेंमीही जवळ आणता येत नाही. ‘जागा कमी आहे म्हणून अरुंद कमोड घेतला’ हे वाक्य ऐकलं की मला दुकानदाराचं कौतुक वाटतं. समोरची गोष्ट उलटी. तिथे गुडघे आणि पाय ओठाच्या पुढे येतात, त्यामुळे भांडं जितकं पुढे आलं तितकी मोकळी जागा पुढे ढकलावी लागते. ७० ऐवजी ६२ सेंमी लांबीचं भांडं घेतलंत तर आठ सेंमी खरोखर वाचतात. छोट्या बाथरूमसाठी भांडं निवडताना म्हणूनच लांबी बघावी. रुंदीकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं.

भिंतीला टांगलेला कमोडही याच हिशेबात बसतो. भांडं आखूड दिसतं, पण टाकी आणि भांडं पेलणारी चौकट लपवायला नवी भिंत पुढे बांधावी लागली तर वाचलेली लांबी तिथेच जाते. आधीच पोकळ असलेल्या भिंतीत चौकट बसणार असेल तरच तो घ्या. फरशी पुसायला सोपं जातं हे खरं, पण त्याने जागा वाढत नाही.

बाजूचं माप कडेपासून धरलं तर काय होतं? सीटच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३८ सोडले तर मध्य भिंतीपासून साधारण ५६ सेंमीवर जातो. अठरा सेंमी विनाकारण गेले, आणि मग बेसिन बसत नाही म्हणून रड. समोरचं माप मध्यापासून धरणारेही भेटलेत, त्यांचे गुडघे दाराला लागतात.

दुसरा घोळ भिंतीचा. ही सगळी अंतरं टाइलच्या तोंडापासून धरायची असतात, आणि पाइप टाकायची वेळ येते तेव्हा समोर असते उघडी वीट. प्लास्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून तीनेक सेंमी सहज जातात. माझ्याच बाथरूममध्ये हे झालं. प्लंबरने विटेपासून ३८ मोजून पाइपाच्या मध्यावर खूण केली, मी मान डोलावली. टाइल लागल्यावर उरले ३५. ऐकायला तीन सेंमी, पण रोज डावं कोपर भिंतीला घासतं. विटेपासून ४१ मोजायला हवे होते. फरशीत जाणाऱ्या आउटलेटचं मागच्या भिंतीपासूनचं अंतरही असंच टाइलपासून धरायचं. तिथे चूक झाली तर टाकी भिंतीला अडते, नाहीतर मागे फट राहते.

आणि खूण पाइपाच्या मध्याची हवी. ११० मि.मी.च्या पाइपाच्या कडेला टेप लावलात तर साडेपाच सेंमीची चूक झाली. भांडं आधीच आणलेलं असेल तर त्याचा मध्य सापडायला सोपा: सीटच्या बिजागरीची दोन भोकं बघा, त्यांच्या बरोबर मधोमध.

आता एक खोली मांडून पाहू. विटेपासून विटेपर्यंत १५२ बाय २१२ सेंमी. चारही बाजूंचे तीन-तीन वजा केले की वापरायला १४६ बाय २०६. कमोड आणि बेसिन एकाच आखूड भिंतीला लावू. डाव्या टाइलपासून ३८.५ वर कमोडचा मध्य, तिथून ७६.५ वर बेसिनचा मध्य. उरले ३१. बेसिन ४० सेंमी रुंद घेतलं तर त्याची कड भिंतीपासून ११ सेंमीवर येते, हात धुताना कोपर आपटत नाही. विटेची मापं धरून हिशेब केला असता तर सहा सेंमी जास्त दिसले असते, आणि ५० सेंमीच्या बेसिनची ऑर्डर कोणीतरी दिलीच असती.

लांबीकडे ७० सेंमीचं भांडं आणि समोर ५४ मोकळे, झाले १२४. उरलेल्या ८२ मध्ये शॉवर, खोलीच्या पूर्ण रुंदीचा. काचेचा एक सेंमी जाऊन आत ८१ राहतात. शॉवरची किमान अट अशी की आत ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ मावलं पाहिजे, आणि ते इथे मावतं. शॉवरबद्दल एवढंच लक्षात ठेवा की माप आतलं धरायचं. खोक्यावर लिहिलेलं बाहेरचं असतं, आणि फ्रेम जाड निघाली तर वर्तुळ हुकतं.

शॉवरमध्ये शिरायची वाट बेसिनच्या बाजूने ठेवा. बेसिन भिंतीपासून ४२ सेंमी पुढे येत असेल तर त्याच्यासमोर काचेपर्यंत ८२ मिळतात. कमोडसमोर फक्त ५४ आहेत. शॉवरच्या तोंडासमोर ६१ तरी हवेत, ते कमोडच्या बाजूला मिळणारच नाहीत.

इथे लोक विचारतात की कमोडसमोरचे ५४ आणि चालायची वाट वेगवेगळी धरायची का. नाही. मोकळी जागा मोकळ्या जागेवर चढली तर चालते, एका वेळी माणूस एकच असतो. तिच्यावर एखादी वस्तू चढली तर मात्र चालत नाही, आणि उघडलेलं दार ही वस्तूच. आपल्या खोलीत दार लांब भिंतीत, बेसिन आणि काच यांच्या मधे येतं. ते आत उघडलं तर बेसिनला तरी आपटेल नाहीतर शॉवरची वाट अडवेल. ते बाहेर उघडायला लावा, बाहेर जागा नसेल तर सरकतं.

फरशी फोडण्याआधी खडूने भांड्याचा आकार जमिनीवर काढा, प्लास्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून होणाऱ्या जाडीइतकी फळी विटेला टेकवा आणि मध्यरेषेवर स्टूल ठेवून बसा. बसून दोन्ही कोपरं जरा बाहेर काढून बघा.