लघवीतील रक्त कुठून आले? तांबड्या पेशींच्या आकारावरून घेतलेला माग

लघवीत रक्त दिसले की पहिला प्रश्न असतो ते नेमके कुठून आले, मूत्रपिंडातील गाळणीतून, म्हणजे ग्लोमेरुलसमधून, की त्याखालील मार्गातून, म्हणजे खडा, गाठ किंवा मूत्राशयाच्या सुजेमुळे. रासायनिक पट्टी रक्त आहे एवढेच सांगते. त्याचा उगम सुचवणारा पुरावा लघवीच्या साक्यात, सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो, आणि तो वाचायला माणसाला सुमारे दीडशे वर्षे लागली.

रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये लंडनच्या गायज् हॉस्पिटलमध्ये सूज, लघवीतील प्रथिने आणि बिघडलेले मूत्रपिंड यांची सांगड घातली. त्यांचे मुख्य साधन लघवी तापवून पाहणे हे होते. दहाएक वर्षांनी पॅरिसमध्ये पियेर रायेर आणि व्हिग्ला यांनी साका नियमितपणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली, आणि 1840 च्या दशकात जर्मन शरीररचनातज्ज्ञ याकोब हेन्ले यांनी साक्यातील दंडगोलाकार आकृत्यांचा संबंध मूत्रनलिकांशी जोडला. या आकृत्यांना आपण कास्ट म्हणतो, म्हणजे नलिकेच्या साच्यात ओतून निघालेला ठसा. त्यांचा मूळ पदार्थ मात्र बराच उशिरा कळला. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी 1950 मध्ये लघवीतून वेगळे केलेले एक प्रथिन हेच या ठशाचे मूळ द्रव्य असल्याचे पुढे स्पष्ट झाले. हे प्रथिन मूत्रनलिकेच्या ठरावीक भागातच स्रवते आणि तिथून पुढच्या नलिकेत थिजते. तांबड्या पेशी त्यात अडकलेल्या असतील तर त्या थिजण्याच्या वेळी नलिकेतच होत्या हे उघड आहे. मूत्राशयात आलेले रक्त असा ठसा तयार करू शकत नाही. म्हणून तांबड्या पेशींचा एकच खरा कास्टही ग्लोमेरुलसच्या दाहाकडे, ग्लोमेरुलोनेफ्रायटिसकडे, जोराने बोट दाखवतो.

स्टॅनफर्डमधील थॉमस ॲडिस यांनी 1920 च्या दशकात पाहण्याला मोजणीची जोड दिली. रुग्णाला पाणी कमी प्यायला सांगून 12 तासांची लघवी गोळा करायची आणि त्यातील पेशी व कास्ट मोजायचे, अशी ती पद्धत होती. पाणी तोडण्यामागचे कारण आजही विसरू नये असे आहे, कारण पातळ किंवा अल्कधर्मी लघवीत कास्ट विरघळून जातात.

दुसरा धागा पेशींच्या आकाराचा. मेलबर्नमध्ये बर्च आणि केनेथ फेअर्ली यांनी 1979 मध्ये दाखवले की फेज काँट्रास्ट, म्हणजे पारदर्शक पेशींच्या कडा उठावदार दाखवणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलसमधून आलेल्या तांबड्या पेशी नानाविध विकृत आकारांच्या दिसतात, तर खालच्या मार्गातून आलेल्या बहुतांशी एकसारख्या. गाळणीच्या फटीतून पिळवटून बाहेर पडताना आणि पुढे नलिकेतील क्षारांच्या चढउतारातून जाताना पेशीचे आवरण बिघडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण ‘विकृत’ कशाला म्हणायचे यावर एकमत होईना, आणि निदानासाठीचा उंबरठा प्रयोगशाळेगणिक बदलत राहिला. दाट लघवीत आक्रसून काटेरी झालेली साधी पेशीही अननुभवी नजरेला विकृत वाटते. ही अडचण 1991 मध्ये कोलर आणि सहकाऱ्यांनी कमी केली. कडीसारख्या पेशीतून फुग्यासारखे कोंब फुटलेले असतील तर त्या आकाराला त्यांनी वेगळे काढले, आणि अशा ॲकँथोसाइट पेशी 5 टक्के किंवा अधिक असल्यास ग्लोमेरुलसमधील रक्तस्राव ओळखण्याची विशिष्टता 98 टक्के भरली. संवेदनशीलता मात्र 52 टक्केच होती. म्हणजे त्या सापडल्या तर भरवसा ठेवावा, सापडल्या नाहीत म्हणून ग्लोमेरुलसला दोषमुक्त करू नये.

समजा, खरजेवर पू धरलेल्या आठ वर्षांच्या मुलाची लघवी तीन-चार आठवड्यांनी कोकाकोलासारखी काळपट झाली, चेहरा सुजला आणि रक्तदाब वाढला. ताज्या लघवीचे 10 मिलिलिटर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव टाकला आणि तळाचा थेंब काचेवर घेतला, तर तांबुस-तपकिरी कास्ट आणि ॲकँथोसाइट दिसतात. त्वचेतील स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतरचा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस हे निदान इथे मनात पक्के होऊ लागते. मग रक्तातील सी-3 हे पूरक प्रथिन कमी आहे का आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्यास रक्तात साचणारे क्रिएटिनिन किती आहे, ते पाहायचे. सी-3 साधारणतः 6 ते 8 आठवड्यांत पूर्ववत होते. तसे झाले नाही किंवा क्रिएटिनिन झपाट्याने वाढू लागले, तर बायोप्सीचा विचार करावा लागतो, कारण रोग ग्लोमेरुलसमध्ये आहे एवढेच साका सांगतो, तो कोणता हे सांगत नाही. आयजीए नेफ्रोपथी, ल्युपस आणि रक्तवाहिन्यांचा दाह यांतही हेच चित्र दिसू शकते.

याच मुलाचा नमुना सकाळी देऊन दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिला असता, तर कास्ट मोडले असते आणि अहवालात केवळ ‘तांबड्या पेशी भरपूर’ एवढीच ओळ उरली असती. स्वयंचलित यंत्रेही पेशी झटपट मोजतात, पण कास्ट त्यांच्याकडून निसटू शकतात. संशय असेल तेव्हा ताजा नमुना मागवून, दोन तासांच्या आत, डॉक्टरांनी स्वतः डोळा लावलेला बरा.