'झिश'ची डेटिव्ह कुठे गेली?

जर्मनच्या बी-वन लेव्हलला असताना मी एका पेपरात लिहिलं होतं, "इश श्टेले मिश फोर, दास एस रेगनेट", मला म्हणायचं होतं 'कल्पना करते की पाऊस पडतोय', आणि मॅडमनी 'मिश'वर लाल गोल करून बाजूला फक्त 'मिअर' लिहिलं. मी डिक्शनरी उघडली तर तिथे 'झिश', म्हणजे 'स्वतःला', लावून 'झिश फोरश्टेलन' असंच होतं. ओळख करून देणे, अर्थ एक. कल्पना करणे, अर्थ दोन. दोन्हीकडे 'झिश'च, मग एकाला 'मिश' आणि दुसऱ्याला 'मिअर' हे मी ओळखायचं कशावरून? नियम नंतर पाठ झाला पण 'झिश' असा तोंड बंद करून का बसलाय हे कळायला बरीच वर्षं गेली, आणि ते कळलं ते जर्मन भाषेच्या इतिहासातून.

आधी आपली अडचण सांगते, कारण मराठी माणसाला हे जास्तच जड जातं. शाळेत आपण विभक्ती घोकल्या त्या आठवा, द्वितीया स, ला, ते आणि चतुर्थी पण स, ला, ते. 'मी रामाला पाहिलं' आणि 'मी रामाला पुस्तक दिलं', दोन्हीकडे 'ला'च, त्यामुळे कर्म कोण आणि घेणारा कोण हा फरक आपल्या कानाला प्रत्ययातून ऐकूच येत नाही. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी अक्युझेटिव्ह येते आणि दुसऱ्या ठिकाणी डेटिव्ह, आणि 'मी'साठी त्यांची रूपं मिश आणि मिअर अशी स्पष्ट वेगळी आहेत. 'झिश'मध्ये मात्र जर्मनचंही नेमकं आपल्या 'ला'सारखं झालंय, दोन विभक्ती आणि रूप एकच.

पण पूर्वी असं नव्हतं. जर्मनच्या नात्यातली गॉथिक भाषा आपल्याला मुख्यतः चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या बायबल भाषांतरातून माहीत आहे, आणि तिच्यात 'स्वतःला' याची दोन रूपं होती, अक्युझेटिव्ह 'सिक' आणि डेटिव्ह 'सिस'. आइसलँडिकमध्ये ही जोडी आजही जिवंत आहे, तिथे सिग वेगळा आणि स्येर वेगळा. (लॅटिनचे 'से' आणि 'सिबी' याच कुळातले, आणि संस्कृतचा 'स्व' पण, म्हणजे आपला 'स्वतः' आणि जर्मनचा 'झिश' लांबचे का होईना भाऊ आहेत.) आता आठव्या शतकापासून जी जुनी हाय जर्मन लिहिलेली सापडते तिच्यात बघितलं तर 'सिह' आहे, म्हणजे आजच्या 'झिश'चा पूर्वज, पण तो फक्त अक्युझेटिव्ह. 'सिस'च्या जोडीचं डेटिव्ह रूप तिथे नाहीच, ते त्याआधीच गळून गेलेलं.

मग 'त्याने स्वतःसाठी घेतलं' असं म्हणायचं असेल तेव्हा लोक काय म्हणायचे? साधं 'त्याला' वापरायचे. पुरुष असेल तर 'इमु', नंतरच्या काळात 'इम', आजचा 'ईम'. बाई असेल तर 'तिला'चं रूप, अनेकजण असतील तर 'त्यांना'चं. म्हणजे कितीतरी शतकं जर्मन माणूस 'त्याने त्याला घर बांधलं' असं म्हणायचा आणि यातला 'त्याला' म्हणजे दुसराच कोणी की तो स्वतः हे संदर्भावरून समजून घ्यावं लागायचं.

हे मला एका ओळीत दिसलं आणि तेव्हा खरंच अंगावर काटा आला. मार्टिन लूथरच्या बायबलमध्ये, अगदी सुरुवातीच्याच अध्यायात, देव माणूस घडवतो ती ओळ अशी आहे: "उंट गोट शूफ देन मेन्शन ईम त्सुम बिल्डे". मी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'ईम' म्हणजे 'त्याला' असं धरून अडकले, कोणाला? माणसाला? पण माणूस तर 'देन मेन्शन' म्हणून कर्माच्या जागी आधीच बसलाय. हा 'ईम' म्हणजे देव स्वतःच आहे, 'देवाने माणसाला आपल्यासाठी, आपली प्रतिमा म्हणून घडवलं', आजच्या जर्मनमध्ये त्या जागी 'झिश' आला असता. सोळाव्या शतकातल्या लूथरकडे ही जुनी डेटिव्ह अशी उघड दिसते, आणि गंमत म्हणजे 1912 च्या सुधारित छापील बायबलमध्येही ही ओळ 'ईम'सकटच राहिली, रोजच्या भाषेतून तो वापर कधीच गेलेला असताना.

लूथरच्या काळाच्या आसपास आणि त्यानंतर 'झिश' हळूहळू डेटिव्हच्या जागेतही शिरला आणि प्रमाण भाषेत तोच पक्का झाला. मला विचाराल तर यात मोठा वाटा त्या 'त्याने त्याला'च्या घोळाचा असणार. 'एर काउफ्ट ईम आइन बूख' म्हटलं की आज पुस्तक नक्की दुसऱ्यासाठी, आणि 'एर काउफ्ट झिश आइन बूख' म्हटलं की स्वतःसाठी, शंकाच उरत नाही. एक गोंधळ मिटला पण त्याची किंमत अशी की 'झिश'च्या तोंडावरून विभक्ती पुसली गेली.

आणि म्हणूनच मिश-मिअर, दिश-दिअर वाचले. 'मी' आणि 'तू' यांच्याबाबतीत घोळ होऊच शकत नाही, 'मी मला पुस्तक घेतलं' यात 'मला' म्हणजे दुसरं कोण असणार, त्यामुळे तिथे वेगळ्या 'स्वतः' शब्दाची गरज कधी पडलीच नाही, साधं सर्वनामच चालत राहिलं आणि त्याबरोबर त्याच्या दोन विभक्तीही. 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये मात्र वेगळ्याच कारणाने रूपं एक झाली. जुन्या भाषेत 'आम्हाला'ची अक्युझेटिव्ह 'उन्सिह' होती आणि डेटिव्ह 'उन्स', त्यातली डेटिव्ह जिंकली. 'तुम्हाला'मध्ये उलटं झालं, आजचा 'ऑइश' हा जुन्या अक्युझेटिव्हचा वंशज. म्हणजे रिफ्लेक्सिव्हची, 'स्वतःला' सांगणाऱ्या सर्वनामाची, विभक्ती डोळ्याला दिसते ती जेमतेम दोन ठिकाणी, मी आणि तू. डिक्शनरी मात्र क्रियापदाचं मूळ रूप तिसऱ्या पुरुषातला 'झिश' लावून छापते, म्हणजे नेमकं जिथे काहीच दिसत नाही तिथे. आता मी नवीन क्रियापद वहीत लिहिताना 'झिश' लिहितच नाही, 'इश मेर्के मिअर एटवास', मी काहीतरी लक्षात ठेवते, असं 'मी'चं पूर्ण वाक्य लिहिते.

बरं, डेटिव्ह येते कधी? वर्गात सांगतात की वाक्यात दुसरं अक्युझेटिव्ह कर्म असेल तर रिफ्लेक्सिव्ह डेटिव्ह होतो. 'इश वाशे मिश', मी अंघोळ करते, धुतली जाणारी मीच. 'इश वाशे मिअर दी हेंडे', इथे धुतले जातात ते हात, कर्माची जागा त्यांनी घेतली, आणि मी उरते ती ज्याचे हात आहेत, ज्याला त्या धुण्याचा लाभ होतो ती. मराठीत आपण नुसतं 'मी हात धुतले' म्हणतो, कोणाचे ते सांगतही नाही, म्हणून हा 'मिअर' आपल्या हातून हमखास गळतो.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हे जास्त जवळचं वाटेल. पचति म्हणजे दुसऱ्यासाठी शिजवतो, पचते म्हणजे स्वतःसाठी शिजवतो, आणि पाणिनीने आत्मनेपदाची अट 'कर्त्रभिप्राये क्रियाफले' अशी दिलीये, क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळत असेल तर. 'इश कोखे मिअर एटवास' म्हणजे अर्थाने पचतेच. क्रियापदाची तशी वेगळी रूपं जर्मनिक भाषांनी टाकून दिली, त्यामुळे जर्मनला तीच गोष्ट सर्वनाम जोडून सांगावी लागते. मला तरी डेटिव्ह रिफ्लेक्सिव्ह मनात बसला तो इथे.

आता माझ्या त्या चुकलेल्या वाक्याकडे येऊ. 'फोर' म्हणजे पुढे, 'श्टेलन' म्हणजे उभं करणं, ठेवणं. 'इश श्टेले मिश फोर', मी मलाच लोकांपुढे उभी करते, म्हणजे ओळख करून देते, उभं केलं जाणारं कर्म मी, म्हणून मिश. 'इश श्टेले मिअर एटवास फोर', मी एखादी गोष्ट माझ्यापुढे ठेवते, म्हणजे कल्पना करते, आणि आपण मराठीत अगदी हेच म्हणतो की, डोळ्यासमोर आणणं! ठेवली जाते ती गोष्ट, मी फक्त जिच्यासमोर ठेवली ती, म्हणून मिअर. माझ्या वाक्यात ती गोष्ट म्हणजे 'दास एस रेगनेट' हे अख्खं उपवाक्य होतं, कर्म तेच होतं, आणि ते नाम नसल्यामुळे मला दिसलं नाही.

उपवाक्यांत एक सापळा अजून आहे. 'इश फ्रॉइए मिश, दास दू कोम्स्ट', तू येतेस याचा आनंद आहे, इथेही मागे उपवाक्य आहे पण 'मिश' आहे. ओळखायचं असं की उपवाक्याच्या जागी नुसतं 'दास', म्हणजे 'ते', ठेवून बघायचं. 'दास मेर्के इश मिअर', ते मी लक्षात ठेवते, चालतं, म्हणजे ते कर्म आहे आणि रिफ्लेक्सिव्ह डेटिव्ह. 'दास फ्रॉइए इश मिश' चालत नाही, 'दारयुबर' म्हणजे 'त्याबद्दल' म्हणावं लागतं, म्हणजे उपवाक्य कर्म नाहीच, ती जागा 'मिश'कडेच राहते.

ही परीक्षा एका क्रियापदापाशी फसते, आणि ते रोजच्या वापरातलं आहे, 'फ्रागन', विचारणं. 'दास फ्रागे इश मिश आउख', हा प्रश्न मलाही पडतो, इथे 'दास' चालतं आणि तरीही 'मिश'. कारण 'फ्रागन' ज्याला विचारायचं त्यालाही अक्युझेटिव्हच लावतं, दोन दोन अक्युझेटिव्ह एकाच वाक्यात, आणि 'स्वतःला विचारणं'मध्येही ती सवय सुटत नाही. मराठीत 'मी स्वतःला विचारते' आणि 'मी स्वतःला सांगते' यात काही फरक नाही, जर्मनमध्ये मात्र पहिल्यात मिश आणि दुसऱ्यात मिअर, 'इश झागे मिअर'.

भीतीचं तर आणखी वेगळं. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत जखऱ्याला 'भिऊ नकोस' म्हणतो, तिथे वुल्फिलाचं गॉथिक आहे 'नि ओग्स थुस', यातला 'थुस' डेटिव्ह. लूथरने तिथेच 'फ्युर्श्टे दिश निश्ट' लिहिलं, 'दिश', अक्युझेटिव्ह. क्रियापदं दोन्हीकडे वेगळी आहेत, पण भावना तीच असून एका भाषेने भिणाऱ्याला एका विभक्तीत बसवलं आणि दुसरीने दुसऱ्या. अशा क्रियापदांचं तर्काने निघत नाही, ती 'मी'च्या वाक्यासकट पाठच करावी लागतात.

आणि काही ठिकाणी खुद्द जर्मन लोकांचंही दोन्ही चालतं. सुरीने बोट कापलं तर 'इश हाबे मिश इन देन फिंगर गेश्निटन' पण बरोबर आणि 'मिअर' म्हटलं तरी बरोबर, कारण 'इन देन फिंगर', बोटात, हे कर्म नाही, तेव्हा कापली गेलेली मी असं धरलं तर मिश, आणि ज्याच्या बोटाला लागलं ती मी असं धरलं तर मिअर. पण तेच हात मोडला तर 'इश हाबे मिअर देन आर्म गेब्रोखन', तिथे हात सरळ कर्म झालाय आणि 'मिश'ला जागाच उरलेली नाही.