दोन पत्रिका जुळवायला पाठवताना मेसेज कसा लिहावा

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांचा ओघ सुरू होतो. त्यातल्या बऱ्याच मेसेजमध्ये बायोडाटाचे दोन फोटो असतात आणि खाली एकच ओळ असते: "जुळतंय का बघा." अशा मेसेजवर आमचा पहिला दिवस उलट प्रश्न विचारण्यातच जातो. माहिती आणि प्रश्न नीट लिहून आले, तर उत्तर लवकर मिळतं आणि जास्त भरवशाचंही असतं. त्यासाठी हे माहितीपत्रक.

आधी वर कोण, वधू कोण

गुणमेलनाची कोष्टकं दोन्ही बाजूंनी सारखी वाचायची नसतात. उदाहरणार्थ, वर्णाचा एक गुण मिळायला वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा लागतो. गणाच्या कोष्टकातही कोणाचा देवगण आणि कोणाचा मनुष्यगण यावर आकडा बदलू शकतो. त्यामुळे दोन नावांची अदलाबदल झाली की बेरीजही बदलते. आपल्या भागात किरण, शीतल ही नावं मुलांचीही असतात आणि मुलींचीही. फक्त नावावरून ओळखायला जाणं धोक्याचं. म्हणून प्रत्येक माहितीच्या डोक्यावर "वर" किंवा "वधू" हा शब्द असावा.

तारीख आणि मध्यरात्र

सगळ्यात मोठी चूक होते ती मध्यरात्रीनंतरच्या जन्मात. घरात "बुधवारी रात्री पाऊण वाजता झाला" असं सांगतात, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. दवाखान्याच्या कागदावर मात्र तोच जन्म गुरुवारचा असतो. एका बाजूने तारीख घेतली आणि दुसऱ्या बाजूने वेळ, तर पत्रिका पूर्ण एक दिवस सरकते. चंद्र दिवसाला साधारण एक नक्षत्र चालतो, म्हणजे नक्षत्रच चुकतं आणि त्यावर काढलेले सगळे गुणही.

म्हणून तारीख कॅलेंडरप्रमाणे, महिना अक्षरात आणि सोबत वार लिहा. वेळ २४ तासांच्या घड्याळाने द्या. व्हॉइस मेसेजवर वेळ सांगू नका. "साडेबारा" दुपारचे की रात्रीचे ते कळत नाही, आणि "दीड"चं "अडीच" ऐकू येतं.

जुन्या हस्तलिखित पत्रिकेत वेळ घटी-पळांत असेल, तर ती स्वतः तासांत बदलायच्या भानगडीत पडू नका. त्या पानाचा फोटो पाठवा. तरी हिशेब माहीत असलेला बरा: एक घटी २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासून. "इष्ट घटी १७, पळे ३०" म्हणजे सूर्योदयानंतर सात तास. त्या दिवशी सूर्य साडेसहाला उगवला असेल, तर जन्म दुपारी दीडचा.

वेळ कुठून मिळाली तेही लिहा. जन्मदाखल्यावर तारीख आणि ठिकाण असतं, वेळ नसते. वेळ सापडते ती दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा जुन्या पत्रिकेत. आजीच्या आठवणीतली वेळ असेल तर तसंच लिहा आणि किती मिनिटं इकडेतिकडे होऊ शकतात याचा अंदाज द्या. "अंदाजे" हा शब्द लपवला की आमचं उत्तर उगाच ठाम होतं.

जन्मगाव म्हणजे मूळ गाव नव्हे

बायोडाटात मूळ गाव गडहिंग्लज असतं, पण पहिलं बाळंतपण आईच्या माहेरी झालेलं असतं. जिथे बाळ जन्मलं ते गाव हवं. खरं सांगायचं तर कोल्हापूर आणि गडहिंग्लज यांच्या रेखांशातला फरक वेळेत अर्ध्या मिनिटाचाही नाही, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण माहेर नागपूरचं असेल तर फरक सुमारे १९ मिनिटांचा होतो आणि लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, पाच-एक अंशांनी सरकतं. गावाबरोबर तालुका लिहा. नुसतं "शिरोली" लिहिलं तर पुलाची की दुमाला हे आम्हाला कळत नाही, आणि नुसतं "कसबा" लिहिणाऱ्यांना तर आमचा हात जोडून नमस्कार. परदेशातला जन्म असेल तर तिथल्या घड्याळाची वेळ द्या, भारतीय वेळेत बदलून देऊ नका.

पाच मिनिटांनी काय होतं, ते एका उदाहरणात

समजा वराचं नक्षत्र रेवती, दुसरं चरण, म्हणजे मीन रास. वधूची रास वृषभ. तिच्या जन्मदिवशी रोहिणी नक्षत्र दुपारी १:३५ ला संपून मृग लागतं, आणि घरचे सांगतात "दीडच्या सुमारास."

जन्म १:३० चा धरला तर नक्षत्र रोहिणी. रोहिणीची नाडी अंत्य, रेवतीचीही अंत्य. एक नाडी आली की नाडीचे आठपैकी शून्य गुण. जन्म १:४० चा धरला तर नक्षत्र मृग, नाडी मध्य, आणि आठही गुण पदरात. बाकीचं जवळजवळ जागेवर राहतं. रास दोन्हीकडे वृषभच, त्यामुळे वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि राशिकूट तेच. रोहिणी आणि मृग दोघांचीही योनी सर्प. तारेचे गुणही दोन्ही वेळा दीडच येतात. रोहिणीचा गण मनुष्य आणि मृगाचा देव, पण वर देवगणाचा असल्याने तिथेही फार तर एखाद्या गुणाचा फरक. योनी, वश्य आणि गण यांची कोष्टकं पंचांगागणिक थोडी वेगळी असतात, म्हणून बेरीज अंदाजाने सांगतो: एका वेळेने ३६ पैकी १९-२० गुण, दुसऱ्या वेळेने २७-२८.

आता घरच्यांनी फक्त "किती गुण जुळतात?" एवढंच विचारलं असेल, तर त्यांच्या हातात एकच आकडा पडतो. अठराच्या वर आहे म्हणून कोणी खूश होईल, नाडीदोष ऐकून कोणी स्थळ सोडून देईल. प्रत्यक्षात विचारायला हवं ते असं: नाडी एक येते ती कोणत्या वेळेपर्यंत, आणि अपवाद लागतो का? मुहूर्तग्रंथांच्या परंपरेत काही नक्षत्रांना नाडीदोष मानत नाहीत, आणि रोहिणी व रेवती ही दोन्ही त्या यादीत येतात. सगळे ज्योतिषी हा अपवाद धरत नाहीत. आम्ही तो धरला की नाही आणि का, ते उत्तरात लिहितो, पण प्रश्न तसा आला तर.

अशा सीमेवरच्या जन्मात नावरस नाव कामी येतं. बारशाला काढलेलं नावरस नाव "वू" वरून असेल तर त्या वेळच्या पंचांगकर्त्याने रोहिणीचं चौथं चरण धरलं होतं, "वे" वरून असेल तर मृगाचं पहिलं. तेव्हा घड्याळ जवळ होतं, आज फक्त आठवण आहे. म्हणून नावरस अक्षर माहीत असेल तर जरूर लिहा.

मंगळाचा प्रश्न वेगळा विचारा

गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावर होतं, मंगळ बघतात तो मुख्यतः लग्नावरून: पहिलं, चौथं, सातवं, आठवं किंवा बारावं स्थान. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. मंगळ सिंहेत आहे आणि लग्न कन्येचं, तर मंगळ बाराव्या स्थानी. तेच लग्न दहा मिनिटांनी तुळेत गेलं की मंगळ अकराव्यात, आणि मंगळाची पत्रिका उरत नाही. म्हणजे ३२ गुण जुळूनही मंगळाचा प्रश्न उरू शकतो. दोघांचाही मंगळ तपासायला सांगा, फक्त मुलीचा नव्हे.

मेसेजचा नमुना

वर: किरण
जन्म: १४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार (१३ ची मध्यरात्र उलटून)
वेळ: ००:४०, डिस्चार्ज कार्डावरून
ठिकाण: कोल्हापूर शहर

वधू: शीतल
जन्म: ३ मार्च १९९९, बुधवार
वेळ: १८:२०, आजीच्या सांगण्यावरून, १५ मिनिटं मागेपुढे
ठिकाण: निपाणी, जि. बेळगाव
नावरस अक्षर: माहीत नाही. जुनी पत्रिका: फोटो सोबत.

स्थिती: स्थळ नुकतंच आलंय, अजून बैठक नाही.

प्रश्न:
१. एकूण गुण किती आणि कोणत्या कुटाला शून्य?
२. नाडी किंवा राशिकूट दोष असेल तर अपवाद लागू होतो का, आणि कोणता?
३. दोघांचा मंगळ? वधूची वेळ १५ मिनिटं सरकली तर उत्तर बदलतं का?
४. दोघांच्या सप्तम स्थानाबद्दल थोडक्यात मत.

चार प्रश्न पुरतात. "स्थिती" ही ओळ मात्र गाळू नका. साखरपुडा झालेला असेल तर लोकांना बहुतेक वेळा मुहूर्तच हवा असतो, आणि तो प्रश्न वेगळा आहे, तसाच विचारा. ठरलेल्या लग्नाचे गुण काढून घरात शंका पेरण्यात काही हशील नाही.

जे पत्रिकेतून कळत नाही

मुलगा पितो का, शेती किती, नोकरी कायम आहे का, याला चौकशीच करावी लागते. देवक आणि गोत्रही पत्रिकेत दिसत नाही; तुमच्याकडे ते पाळत असतील तर दोन्ही घरांनी आपसांत विचारून घ्या. नाडी म्हणजे रक्तगट नव्हे. होणाऱ्या मुलांच्या आरोग्याची काळजी असेल तर दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. त्यावर आम्ही मत देत नाही.

पाठवताना

सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा. पत्रिकेचा फोटो चारही कडा दिसतील असा, उजेडात आणि फ्लॅश न मारता काढा. आधार कार्ड, पगाराची चिठ्ठी, घरचा पत्ता यातलं काही लागत नाही. समोरच्या घराची पत्रिका पाठवण्याआधी त्यांना विचारलेलं असावं.

वेळ अजिबातच माहीत नसेल तर "सकाळी जेवणाआधी", "दिवेलागणीला" असं जे आठवतं ते लिहा. त्या पट्ट्यात नक्षत्र बदलत नसेल तर गुण काढता येतात. लग्न कळत नाही, तेव्हा मंगळ फक्त चंद्रकुंडलीवरून पाहतो आणि उत्तरात तसं नमूद करतो.

नंतर चूक लक्षात आली तर "वेळ ६ नाही ७" एवढाच मेसेज टाकू नका, तो कोणाचा हे कळत नाही. पूर्ण मेसेज दुरुस्त करून, वर "सुधारित" लिहून पुन्हा पाठवा. आधीचा आम्ही काढून टाकतो.